मेकअप साताऱ्याचा की सांगलीचा

त्या दुपारी आई पुढ्यात दोन मोबाइल ठेवून बसली होती. तिच्या मोबाइलवर साताऱ्याच्या प्रांजलचं नवरी पॅकेज उघडं होतं, माझ्या मोबाइलवर आमच्या सांगलीतल्या नौशीनचं. माझं लग्न कोरेगावात व्हायचं होतं, वीरधवलच्या गावी. हॉल ठरला होता, आचारी ठरला होता, फक्त नवरीच्या तोंडाला रंग कोण लावणार ते ठरत नव्हतं.

प्रांजलचं सगळं एका हाताखाली होतं. मेकअप, केस, साडी नेसवणं, तिच्याच टीममधली मेंदीवाली, वर दोन पाहुण्या बायकांचा मेकअप पॅकेजमध्ये धरलेला. साताऱ्याहून कोरेगाव जवळ, म्हणून प्रवासखर्च नाही. ट्रायलचे मात्र वेगळे पैसे, आणि ते नंतर वळते होणार नव्हते. नौशीनकडे ट्रायलचे पैसे शेवटच्या बिलातून वजा व्हायचे, पण सांगलीहून कोरेगावला यायचं म्हणजे गाडीभाडं, आणि मुहूर्त सकाळचा म्हणून तिची आणि तिच्या मदतनीस मुलीची आदल्या रात्रीची राहायची सोय. पाहुण्यांचा मेकअप माणशी. मेंदी तिची बहीण शिफा काढायची, तिचे वेगळे.

आईने दोघींना फोन केले. फाउंडेशन कुठल्या कंपनीचं, बाटल्या ताज्या का, केसांचं गंगावन आमचं की तुमचं, असं ती गिऱ्हाइकाच्या रोखठोक आवाजात विचारत होती. वॉटरप्रूफ आहे का, हे तिने दोघींना दोनदा विचारलं. फोन ठेवून मला म्हणाली, "पाठवणीला मी तुला रडवणार हाय. मग गालावरनं ओघळ व्हायला नगं."

तेवढ्यात अण्णा, माझे वडील, जेवायला आले. त्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, त्यामुळे त्यांच्या बाह्या बाराही महिने पिवळ्या असतात. आईने त्यांना एअरब्रश म्हणजे काय ते समजावलं. बारीक नळीतून हवेच्या दाबाने रंग तोंडावर उडवतात.

"म्हंजे फवारणी की," अण्णा म्हणाले. "पंप आपल्या घरचा हाय म्हणावं, तेवढं कमी करा."

आई हसली, आणि हसता हसताच तिने निकाल दिला. प्रांजलच. प्रांजलने सजवलेल्या नवऱ्या मोबाइलवर एकापाठोपाठ सरकवत म्हणाली, "बघ की, सगळ्या कशा उजळल्यात."

आई काळी होती आणि मी तिच्यावर गेले होते. ही गोष्ट घरात विनोदाची होती. माझ्या रंगाची वसुली माझ्याकडनं कर, असं ती म्हणायची, आणि दर रविवारी मला डाळीचं पीठ आणि अण्णांची उत्तम प्रतीची हळद फासायची. तेवीस-चोवीस वर्षं फासून मी होते तेवढीच काळी राहिले.  तिने प्रांजलला तारीख धरण्यापुरतं टोकन पाठवलं, मग आम्ही वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ली आणि तिने जरा आडवं व्हायचं म्हणून उशी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळत असताना ती स्वयंपाकघरातच कोसळली आणि गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

लग्न पुढे गेलं. मग वडीलधाऱ्यांनी सांगितलं की करायचं तर वर्षाच्या आत करा, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. कोरेगावकरांनीही तेच म्हटलं. नवी तारीख निघाली. प्रांजलने एक शब्द न बोलता आमचं टोकन नव्या तारखेवर धरलं.

आईच्या जागी आता रंगूमावशी आली होती. आईची धाकटी बहीण, सांगलीतच दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आक्काने जे ठरवलंय त्यातलं तसूभर बदलायचं नाही. त्यात पॅकेजमधल्या दोन पाहुण्या बायकांपैकी एक कोण, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. कोरेगावच्या विहीणबाईंपेक्षा आपण उजवं दिसलं पाहिजे, असं ती अण्णांसमोर उघड बोलायची.

ट्रायलला आम्ही तिघं साताऱ्याला गेलो. प्रांजल बोलायला गोड, हाताला फार हलकी. आरशाभोवती दिव्यांची माळ होती. दीड तासाने तिने माझी खुर्ची वळवली, तेव्हा मावशीने दोन्ही हात गालांना लावले. आरशात एक देखणी मुलगी होती. मला तिची ओळख करून घ्यावीशी वाटली.

अण्णा मागे बाकावर बसले होते. ते उठले, जरा वेळ बघत राहिले आणि प्रांजलला अदबीने म्हणाले, "बाई, जरा भाईर उजेडात न्हेऊ का हिला?"

हळदीच्या सौद्यात ते हेच करतात. गोदामात कितीही दिवे असू देत, नमुना मुठीत घेऊन दारात येतात आणि मगच भाव बोलतात. मला त्यांनी तसंच दंडाला धरून रस्त्यावर आणलं. एक रिक्षावाला रिक्षा थांबवून बघायला लागला. अण्णांनी माझी हनुवटी एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली. नंतर मला माझा हात गालाशी धरायला सांगितला.

"माल लय चांगला हाय," ते म्हणाले. "पॉलिश जास्त झालंय."

मावशी रागावली. मानेला लावतात, कानाला लावतात, लग्नादिवशी सगळं एकसारखं दिसतं, दाजींना यातलं काय कळतंय, असं तिचं सुरू झालं. बाहेर आलेल्या प्रांजलने शांतपणे सांगितलं की मान, पाठ, खांदे ती करतेच, आणि हॉलच्या प्रखर दिव्यांत व फ्लॅशमध्ये दोन शेड उजळ चांगलं दिसतं, बहुतेक आया तसंच मागतात. अण्णांनी विचारलं, आणि हात? प्रांजल म्हणाली, हातांवर कोपरापर्यंत मेंदी असणार. मेंदीवर फाउंडेशन लावलं तर नक्षी पुसट होते, म्हणून हात तसेच ठेवतात. मग माळ घालताना, घास भरवताना फोटोत तोंड एकीचं आणि हात दुसरीचे, असं अण्णा म्हणाले. प्रांजल हसली, चिडली नाही. म्हणाली, हवं तर शेड खाली आणते. पण माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

मावशी म्हणाली, "तिच्या आईला हेच हवं होतं." आणि मी मान हलवली. कशासाठी हलवली, ते तिघांनाही आपापल्या सोयीने घेता आलं.

 परतताना गाडीत कराड मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, सांगलीच्या पोरीची ट्रायल तरी बघू, पैसे काय फुकट जात नाहीत तिथं. मावशी म्हणाली, टोकन बुडेल. अण्णांनी तिथूनच प्रांजलला फोन लावला. टोकन परत मिळणार नव्हतं, पण त्यात पाहुण्यांचा मेकअप आणि साडी नेसवणं बसवता येईल, त्या दिवशी त्या भागात तिची टीम असणारच आहे, असं ती म्हणाली. म्हणजे मावशीचा मेकअप कुठे जात नव्हता. मावशीचा आवाज एक पट्टी खाली आला, तरी मुद्दा सोडला नाही. आक्काची शेवटची इच्छा होती, एवढं ती खिडकीबाहेर बघत बोलली आणि पदर डोळ्याला लावला.  मी तिला पाण्याची बाटली दिली.

नौशीनचं काम घरातच होतं, पुढच्या खोलीत. शिफा कोपऱ्यात बसून मेंदीचे कोन भरत होती. घरी भिजवलेली मेंदी, त्यात नीलगिरीचं तेल, कोन फ्रिजरात ठेवायचे. मावशीने विचारलं की तासाभरात काळी होणारी मेंदी नाही का. शिफा म्हणाली, "मावशी, तासात काळं करणारं ते औषध असतंय, मेंदी न्हाई. हात भाजला तर नवरी जेवायची कशी?" लग्नाच्या दोन दिवस आधी सांगलीतच घरी काढायची, म्हणजे रंग चढायला वेळ मिळतो आणि तिला कोरेगावला यायचा खर्चही नाही. नौशीन आणि तिच्या मदतनीस मुलीला आमच्याच गाडीतून न्यायचं अण्णांनी बोलून टाकलं, म्हणजे राहिला फक्त मुक्काम, आणि तो हॉलच्याच खोलीत.

मावशीला हे सगळं मनातून पटत चाललं होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. तिने बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या. एकही जुनी निघाली नाही, म्हणून ब्रश हुंगून बघितले.

नौशीनने मला खिडकीशी बसवलं. दिवे लावलेच नाहीत. चेहरा धुवायला लावला आणि जबड्याच्या कडेला, गालापासून मानेकडे, तीन शेडच्या तीन रेघा ओढल्या. थोडं थांबली. मग माझ्या हातात आरसा दिला.

"यातली कुठली रेघ दिसेना झालीय, ते तुमीच सांगा," ती म्हणाली. "जी दिसत न्हाई ती तुमची. पण तुमाला उजळ पायजे आसंल तर पयली घेते. तुमचं लगीन, तुमचं तोंड."

पहिली रेघ ठळक दिसत होती, चुन्याचं बोट लागल्यासारखी. दुसरी अंधुक. तिसरी कुठे होती ते मला शोधावं लागलं.

मावशी पुढे झाली. "पहिली. आक्काला..."

"तिसरी," मी म्हणाले.

 शिफाचा कोन थांबला. नौशीनने कापसाने पहिल्या दोन रेघा पुसल्या आणि कामाला लागली. मध्ये एकदा तिने मला वर बघायला सांगितलं. डोळे, भुवया, ओठ झाले. केस मागे बांधून तिने मोगऱ्याच्या जागी नुसता हात धरून दाखवला. मग ती बाजूला झाली.

मावशीने आरशात बघितलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "आगं बया. आक्का."

अण्णा दारात उभे होते. त्यांनी बाहेर उजेडात न्यायचं नाव काढलं नाही. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी नाक पुसलं, तर पंच्याचा पिवळा रंग नाकाला लागला, आणि शिफाला हसू आवरेना. मावशीही हसली. मग ती माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात, भांडण म्हणून नाही, म्हणाली, "पण आक्काला तू गोरी दिसायला हवी हुतीस गं. मी तिला काय सांगू?"

मी आरशातल्या चेहऱ्याकडे बघत होते. तो मला जन्मापासून माहीत होता, चुलीच्या उजेडात, दिव्याच्या, उन्हाच्या. त्याच्याशी बोलणं अवघड गेलं नाही.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "तू मला फार सुंदर दिसायचीस. मला तुझ्यासारखंच दिसायचं होतं."