देवजींची पाटी

उन्नती ठाकूर दुपारी एकला सानपाड्याच्या अय्युबच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा तिच्यासोबत सासरे देवजी होते आणि देवजींच्या काखेत चादरीत गुंडाळलेली पाटी होती.

"अय्युबभाई, काल तुम्ही समोरचा कॅमेरा बदललात ना? सकाळी नणंदेला व्हिडिओ कॉल केला. मनस्वी म्हणते, वहिनी, तू पंख्याला लटकलीयस का?"

चार वाजता खारघरच्या एका शाळेसाठी तिला व्हिडिओ कॉलवर नमुना तास घ्यायचा होता. बाळंतपणानंतर सहा वर्षं ती शिकवणं सोडून घरी होती. मुलाखतीला बोलावणारी ही पहिलीच शाळा.

अय्युबने आधी फोनचा स्वतःचा कॅमेरा उघडला, मग कॉलचं ॲप. दोन्हीकडे उन्नती डोकं खाली, पाय वर. मागचा कॅमेरा मात्र सरळ होता. फोन बंद करून चालू केला, तरी तेच.

"सेटिंग नाय ताई. पार्ट चुकीचा आहे. याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हर्जनचा. कनेक्टर सेम, पण आतला सेन्सर उलटा बसवलेला. फोनला ते कळत नाय."

"मग काल बघितलं नाहीत?"

"बघितलं. टेबलावर उताणा, स्क्रीन वर करून ठेवला होता. समोर पंखा दिसला, क्लियर." त्याने वर बोट दाखवलं. "पंखा कसाही बघा, सेमच. चूक माझीच."

देवजी हसले. "मी येकदा दुकानाचा आख्खा बोर्ड रंगवून उलटा टांगला व्हता. तो तरी लोकांना दिसला."

अय्युबने फोन गरम करून मागची काच सोडवली, बॅटरीची पिन काढली आणि डब्यातल्या त्याच मॉडेलच्या, त्याच नंबरच्या बंद फोनमधला कॅमेरा बसवला. काच चिकटवण्याआधी फोन उभा धरून समोरच्या इमारतीकडे वळवला. गच्चीवरची पाण्याची टाकी वरच होती.

"आता पाटी पण बघून घेऊ," उन्नती म्हणाली.

देवजींनी चादर सोडली. आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाटीवर पाव, अर्धा, पाऊण, लाल रंगात, आणि शेजारी आकडे. सगळं आरशात पाहावं तसं उलट.

"आठवड्यापूर्वी मी सरावाचं रेकॉर्डिंग केलं, त्यात फळ्यावरची अक्षरं उलटी आली. म्हणून बाबांनी मुद्दाम उलट रंगवलं."

देवजींनी तीस वर्षं वाशी ते जासई दुकानांच्या काचांवर नावं रंगवली होती. बाहेरून पुसली जाऊ नयेत म्हणून आतून, उलट. या पाटीला तीन दिवस लागले होते. हात आता पूर्वीसारखा भराभर चालत नव्हता.

अय्युबने तिच्या फोनवरून स्वतःच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. उन्नतीच्या स्क्रीनवर 'पाऊण' सरळ दिसलं.

"बघा, जमलं!"

अय्युबने स्वतःचा फोन तिच्यापुढे धरला. त्यावर 'पाऊण' उलट होतं.

"ताई, आपल्याला आपण आरशासारखे दिसतो. समोरच्याला नाय, त्याला जसं आहे तसंच जातं. तुमच्या रेकॉर्डिंगची गोष्ट वेगळी. त्यात मिररचं सेटिंग चालू होतं." त्याने ते शोधून बंद केलं. "कॉलशी त्याचा संबंध नाय."

उन्नतीने घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा.

"म्हनजे माजं तीन दिस फुकट," देवजी म्हणाले, आणि चादर गोळा करू लागले.

"बाबा, मी कागदावर लिहीन. स्केचपेननं."

"कागद कशाला?" देवजी थांबले. पाटी त्यांनी हातात उचलून उजेडात धरली. मग, दुकानाचा दरवाजा फिरवावा तशी, सावकाश फिरवली.

दुसऱ्या बाजूने पाव, अर्धा, पाऊण सरळ होते. ब्रशचे फटकारे मागे राहिले होते. इकडे अक्षरं काचेत घातल्यासारखी गुळगुळीत.

"गिऱ्हाइकाची बाजू हीच," देवजी म्हणाले. "मी तुला कामगाराची दाखवत व्हतो."

अय्युबच्या फोनवर आता सगळं वाचता येत होतं. उन्नतीच्या फोनवर उलट.

"मला हे बघूनच घाबरायला होईल."

अय्युबने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा कापून दिला. "स्क्रीनवर तुम्ही स्वतः दिसता त्या चौकोनावर लावा. फक्त तेवढ्यावर."

चार वाजता उन्नतीने पट्टी लावली. मागे देवजींनी पांढरी चादर टांगली होती. शाळेच्या बाईंनी काही विचारण्याआधी पाटीकडे बघून वाचायला सुरुवात केली, "पाव, अर्धा, पाऊण..." आणि थांबल्या. "अक्षर कुणाचं हो हे?"

"सासऱ्यांचं," उन्नती म्हणाली, आणि खडू नसतानाही हात झटकून तास सुरू केला.