रोझमेरीबाईंचे हास्य

आखाती देशातील या शहरात, अल मुंतझा भागातील आमच्या फोटो स्टुडिओत आल्फ्रेडसाहेब आपल्या कन्येसह आले, तेव्हा दुपारच्या नमाजानंतरची सामसूम होती. ते मूळचे वसईचे, येथे एका कचेरीत लेखनिक. त्यांच्या पत्नी रोझमेरीबाई मागील महिन्यात मेंदूतील रक्तस्रावाने निवर्तल्या. शुक्रवारी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना, होती. तिथे वाटावयाच्या स्मरणपत्रिकेवर छापण्यासाठी त्यांनी एक छायाचित्र आणले होते.

छायाचित्रात बाई करंज्यांचा ट्रे दोन्ही हातांनी धरून मनमोकळेपणाने हसत होत्या. वरचा ओठ पुष्कळ वर गेला होता आणि दातांच्या वर हिरड्यांचा रुंद गुलाबी पट्टा दिसत होता.

"खलीलभाई, एवढं कमी करा," आल्फ्रेडसाहेब म्हणाले. त्यांच्या स्वरात दुःख नव्हते, काहीच नव्हते. "हसताना ती नेहमी तोंडावर हात धरायची. त्या दिवशी हातात ट्रे होता म्हणून हा फोटो मिळाला. असाच छापला तर तिला आवडणार नाही."

"पप्पा, प्लीज. लीव्ह इट," आंद्रिया म्हणाली. ती बारावीत शिकत होती. "धिस इज मम्मा."

"तुझी मम्मा हा फोटो कोणाला पाहू देत होती का?"



मी छायाचित्र संगणकावर घेऊन कामास बसलो. प्रथम दातांवर मास्क चढविला, जेणेकरून त्यांचा आकार तिळभरही हलू नये. पुष्कळ कारागीर दातच वर लांबवून हिरडी झाकतात, परंतु त्यायोगे माणसाचे दात परक्याचे होतात. तदनंतर मोठ्या, मऊ ब्रशने वरचा ओठ हळूहळू खाली सरकविला. ब्रश लहान घेतला, तर ओठाच्या कडेला उंचवटे पडतात. हिरडी पूर्णपणे झाकली गेली. काम स्वच्छ झाले, असे मला वाटले.

"चांगलं आहे," आल्फ्रेडसाहेब म्हणाले. ते पडद्याकडे पाहत होते की त्यामागील भिंतीकडे, हे मला कळले नाही.

आंद्रिया मात्र जवळ आली. "अंकल, हर आईज आर लाफिंग. तोंड ऑफिसमध्ये बसलंय."

तिचे म्हणणे यथार्थ होते. गाल वर चढलेले, डोळे बारीक झालेले, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा खोल. आणि ओठ तेवढा सभ्यपणे खाली. एवढे हसणाऱ्याचा ओठ तिथे थांबत नाही. मी ओठ पुनश्च मूळ जागी नेला.

"मग किती खाली घ्यावा?" मी विचारले. "अंदाजाने केला, तर प्रत्येक वेळी निराळीच बाई होईल."

 

अखेर आल्फ्रेडसाहेब म्हणाले, "आरशासमोर ती बोटाने ओठ खाली ओढायची. म्हणायची, आल्फ्रेड, देवाने इथे थांबायला हवं होतं."

"किती खाली?"

"ते मी कधी नीट पाहिलं नाही."

आंद्रियाने आपल्या वडिलांकडे पाहिले. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने दात दाखविले. ते हास्य नव्हते. दंतवैद्यापुढे तोंड उघडावे, तसे होते. परंतु ओठ वर गेला आणि तीच रुंद गुलाबी हिरडी दिसली. तिने तर्जनी ओठावर ठेवून तो किंचित खाली ओढला आणि ती थांबली. दातांच्या वर हिरडीची एक बारीक रेघ उरली होती.

"धिस मच," बोट न काढता ती म्हणाली. "मलापण शिकवलेलं तिनं. पासपोर्टच्या वेळी."

आल्फ्रेडसाहेब मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मी तेवढाच ओठ खाली आणला, म्हणजे पट्ट्याचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग झाकला. उरलेल्या रेघेचा लालपणा थोडा मंद केला, कारण भडक रंगावर नजर आधी जाते. ओठाखालची सावलीही त्याच्याबरोबर खाली घेतली. गाल, डोळे, दात यांना हात लावला नाही.

आल्फ्रेडसाहेब खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी या खेपेस खरोखर पाहिले.

"आता ती हात वर नेणार नाही," ते म्हणाले.

"पहिला फोटो मला पाठवा, अंकल," आंद्रिया म्हणाली. "न बदललेला. फक्त मला."

मी आल्फ्रेडसाहेबांकडे पाहिले. त्यांनी मान हलविली.

"पाठवा. पण बेटा, कोणाला दाखवू नकोस."

"नाही दाखवणार."

पत्रिकेचा पहिला नमुना छापून निघाला, तेव्हा कागद अद्याप कोमट होता. आल्फ्रेडसाहेबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि अंगठा त्या ओठाजवळ नेऊन शाई वाळली आहे का, एवढेच विचारले.