मॅनेजरचा मोठा एम

ऑफिसने तिचं नाव ‘कॅपिटलबाई’ ठेवलं होतं. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण कान काही तिचे बहिरे नव्हते. बाहेर जाणारा प्रत्येक इंग्रजी मेल आधी तिच्या टेबलावर यायचा, आणि ती त्यातली उगाच ताठ उभी राहिलेली अक्षरं खाली बसवायची. मॅनेजर हा शब्द कुणाच्या नावाच्या आधी आला तर मोठ्या अक्षराने, एरवी वाक्यात आला तर लहान. विभागाचं पूर्ण अधिकृत नाव असेल तर मोठं, नुसता ‘विभाग’ असेल तर लहान. वार आणि महिने मात्र कायम मोठ्या अक्षराने, त्यात तडजोड नाही. इतकं साधं, पण वीस वर्षं सांगून तिच्या घशाला कोरड पडली होती.

सगळ्यात हट्टी विद्यार्थी म्हणजे स्टोअरकीपर. सगळे त्यांना भाऊ म्हणत. आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर नाही, त्यामुळे ज्याचा मान राखायचा त्याला भाऊ इंग्रजीत मोठं करून टाकायचे. मॅनेजर मोठा, स्टोअर मोठं, तपासनीस मोठा. मार्च आणि मे बिचारे लहान, कारण महिन्यांना काय मान द्यायचा?

“बाई, साहेबांना लहान अक्षरात लिहायचं म्हणजे अरेतुरे केल्यासारखं वाटतं हो,” ते म्हणायचे. “हात वळत नाही.”

ती कपाळाला हात लावायची आणि दुरुस्त करून द्यायची.

बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी भाऊ दहा दिवस रजेवर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्याची नेमणूक करायचं चाललं होतं. रजेच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्याच खात्यावरून राजीनाम्याचा मेल आला होता आणि ते रजेवर असताना साहेबांनी तो मंजूरही केला होता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भाऊ नुसते म्हणत राहिले, “मी नाही पाठवला, साहेब. आईशप्पथ नाही पाठवला.” साहेब म्हणाले, “मग भुताने पाठवला का?”

सेवामुक्तीचं पत्र तयार करायला तो मेल तिच्याकडे आला. तिने एकदा वाचला, मग पेन खाली ठेवून पुन्हा वाचला. वाक्याच्या मध्ये मॅनेजर लहान. स्टोअरकीपर लहान. नुसता आलेला विभाग लहान. आणि मार्च मोठा.

शुक्रवारही मोठा होता, पण त्याला तिने पुरावा मानलं नाही. वार लहान टाइप केला तरी इथले कॉम्प्युटर तो आपणहून मोठा करतात. महिन्याचं तसं नसतं. त्यातही मार्चचा अर्थ कवायतीसारखं चालणं असाही होतो, म्हणून लहान लिहिला तरी खाली लाल रेघ येत नाही. मार्चचा एम कुणीतरी जाणून मोठा केला होता. आणि भाऊंनी साहेबांना लहान केलं? त्यांनी आधी हात तोडून घेतले असते.

तरी तिला पहिला संशय भाऊंचाच आला, खोटं कशाला बोला. रागाच्या भरात कुणाकडून तरी लिहून घेतला असेल, आता अंगाशी आलं म्हणून कानांवर हात ठेवत असतील. मग तिने सगळ्यांचे जुने, तिच्या हातून न गेलेले, पण तिलाही प्रत आलेले आपापसातले मेल काढले आणि दार लोटून बसली. हिशेबनीस सगळंच लहान लिहायचा, रविवारसुद्धा फोनने सुधारला तर सुधारला. आस्थापनेच्या मॅडम प्रत्येक पदनाम मोठं करायच्या, अगदी शिपायाचंसुद्धा. खुद्द साहेब स्वतःला मोठ्या एमशिवाय लिहीत नसत. खरेदीप्रमुखाची तर सगळीच अक्षरं छाती काढून उभी. पूर्ण ऑफिसात असं नेमकं लिहिणारं एकच माणूस होतं, आणि ते तिच्याच खुर्चीत बसलं होतं.

आणि तेवढ्यात तिला आठवलं.

महिन्याभरापूर्वी खरेदीप्रमुख एक छापील कागद घेऊन आला होता. “भाच्याचा राजीनामा आहे बाई, दुसऱ्या कंपनीत लागलाय. जरा इंग्रजी बघता?” त्यात सेल्समन होता, सेल्सचा विभाग होता, मार्च लहान होता. तिने लाल पेनाने सगळं सरळ करून दिलं होतं, वर चहाही पाजला होता. तीच वाक्यं आता समोर होती. सेल्समनच्या जागी फक्त स्टोअरकीपर बसला होता. खरेदीप्रमुख आणि भाऊ एकाच खोलीत बसायचे, आणि जेवायला जाताना भाऊ कॉम्प्युटर तसाच उघडा ठेवून जायचे. भाऊंनी त्याच्या मेहुण्याचा निकृष्ट माल दोनदा परत पाठवला होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण तो लाल खुणांचा कागद तोच घेऊन गेला होता.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरता चिरता थांबला. “गप्प बस. तू तोंड उघडलंस की सगळं तुझ्यावरच शेकेल. तुझं काय जातंय?”

“भाऊंची नोकरी जातेय,” ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली, कारण तिला गप्पच बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये तिने भाऊंचे पंधरा जुने मेल आणि तो राजीनामा शेजारी शेजारी मांडले. भाऊ दाराशी उभे होते, खरेदीप्रमुख सोफ्यावर. तिने एकेक अक्षर दाखवलं. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. त्यांनाही स्वतःचा लहान एम खुपला असावा.

“हे भाऊंचं लिहिणं नाही, हे पटलं मला,” ते म्हणाले. “मग असं लिहितं कोण इथे?”

“मी,” ती म्हणाली. “फक्त मीच. पण मी हे भाच्याच्या राजीनाम्यासाठी दुरुस्त करून यांना दिलं होतं.” तिने सोफ्याकडे बोट केलं.

“मला?” खरेदीप्रमुख हसला. “कसला कागद? कुठला भाचा? बाई, मला तर भाचाच नाही.”

खरंच नव्हता. ऑफिसात सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असायला हवं होतं, पण त्या दिवशी तिचं लक्ष मार्चकडे होतं.

साहेबांनी सगळे कागद गोळा करून बाजूला ठेवले. मग त्यांनी राजीनाम्याची मंजुरी रद्द केली, भाऊंना कामावर जायला सांगितलं, आणि तिला म्हणाले, “उद्यापासून माझे मेल मीच बघेन. बाकीच्यांनीही आपापले बघावेत.” आवाजात राग नव्हता. त्यामुळे तिला जास्तच लागलं. खरेदीप्रमुखाने तिच्यासाठी अदबीने दार उघडून धरलं.

त्या दिवसापासून तिच्या टेबलावर एकही मेल आला नाही. ती जवळ गेली की गप्पा थांबायच्या. आस्थापनेच्या मॅडम तिच्यासमोर पासवर्ड टाकताना अंगाने कीबोर्ड झाकायच्या. वीस वर्षांत एका अक्षराची लबाडी न केलेल्या बाईला हे सगळं गिळावं लागलं, आणि गिळताना ती रडलीही, बाथरूममध्ये नळ सोडून.

आठवड्याने भाऊ आले. हातात बायकोने पाठवलेले लाडू होते. डबा त्यांनी टेबलाच्या अगदी कडेला ठेवला.

“तुमच्यामुळे नोकरी वाचली, बाई. खरं बोलायला उभ्या राहिलात. बायको म्हणाली, पाया पडून ये.”

“अहो, पाया कसल्या पडता? बसा.”

ते बसले नाहीत. दाराकडे एकदा पाहिलं, आवाज खाली आणला.

“फक्त एक सांगा. मी कुणाला नाही बोलणार. मी तुमचं काय वाईट केलं होतं हो?”