धार तेवढी ठेव

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या त्या कारखान्यात खुर्च्या दोनच होत्या. एक अनंतची आणि दुसरी त्याच्या वहिनीची, निर्मलाची. बाकी सगळ्या बायका जमिनीवर किंवा शिलाईच्या मशीनपुढे. केळीच्या घडाला घालायच्या पांढऱ्या स्कर्टिंग बॅगा इथे शिवल्या जायच्या. थोरला भाऊ दिगंबर वारला, तेव्हा अनंत भावकीसमोर म्हणाला होता, "वहिनी हिशेब बघतील. त्यांची खुर्ची त्यांचीच." नऊ वर्षं झाली. निर्मला रोज साडेनऊला येऊन त्या खुर्चीवर बसायची, बिलं करायची, ईमेल पाठवायची. घरात ती दिराच्या आश्रयाला होती, पण इथे तिला सगळे 'मॅडम' म्हणत.

मार्च उजाडला आणि ती खुर्ची हलू लागली. पुण्याच्या एका मोठ्या फळनिर्यात कंपनीने सप्टेंबरात ऐंशी हजार बॅगा घेतल्या होत्या. बिल अकरा लाख बत्तीस हजारांचं, करार पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचा. सहा महिने झाले, एक छदाम आला नाही. त्या बिलावरचा जीएसटीसुद्धा अनंतने पदरचा भरला होता. मशीनवर बँकेचं कर्ज, हप्ते थकलेले. एकतीस मार्चपर्यंत भरले नाहीत तर खातं बुडीतात जाणार आणि बँक मशीनं उचलणार.

बारा तारखेला अनंतने मोबाईलवरच ईमेल लिहून काढला. अर्धा इंग्रजी, अर्धा हिंदी, आणि सगळा पेटलेला. 'तुम्ही लोक चोर आहात' इथून सुरुवात. पण शिव्यांच्या मध्ये त्याने कामाचंही लिहिलं होतं. आमचा उद्योग सरकारदरबारी लघुउद्योग म्हणून नोंदलेला आहे. माल मिळाल्याची तुमच्या स्टोअरकीपरची सही चलनावर आहे. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही एकही लेखी तक्रार केली नाही, म्हणजे कायद्याने माल तुम्हाला पसंत होता. आता बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासकट पैसे द्या, नाहीतर लघुउद्योगांच्या परिषदेकडे अर्ज करतो. आणि प्रत कंपनीच्या संचालकांना आणि ऑडिटरलाही.

"वहिनी, हे जरा नीट करून पाठवा," तो बूट घालताना म्हणाला. "मी धूलकोटला चाललो, उद्या येतो. शिव्या काढा, इंग्रजी सुधारा. पण धार तेवढी ठेवा हां. ये लोग मीठी बातों से नहीं मानते."

"भाऊजी, पुढच्या हंगामाची ऑर्डर पण त्यांच्याकडूनच येणार आहे ना?"

"आधी या हंगामाचं तर येऊ द्या!"

तो गेला. निर्मलाने 'चोर' काढलं. 'लाज' काढली. हे बरोबरच केलं. पण तिचा हात तिथे थांबला नाही. माहेरी तिला शिकवलं होतं की मागणाऱ्याने आवाज खाली ठेवावा, आणि सासरी ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. 'एकही तक्रार केली नाही' हे वाक्य तिला भांडखोर वाटलं, म्हणून तिने ते गाळलं. व्याजाचं आणि परिषदेचं वाचून तिला धडकी भरली. तेही गेलं. संचालकांना प्रत पाठवली तर पेमेंट बघणारे भार्गवसाहेब दुखावतील, म्हणून ते पत्तेही उडवले. मग पत्र फार कोरडं दिसू लागलं. बुऱ्हाणपुरात बिलाच्या खाली 'भूलचूक लेनी-देनी', म्हणजे चूकभूल द्यावी-घ्यावी, असं छापायची पिढ्यान् पिढ्यांची रीत. त्याच चालीवर तिने शेवटी इंग्रजीत एक ओळ घातली: आमच्या मालात वा सेवेत काही उणीव राहिली असल्यास क्षमा असावी, आम्ही ती जरूर भरून देऊ.

तिने पत्र दोनदा वाचलं. तिला ते फार सुंदर वाटलं. पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अनंतने विचारलं, "गेला का मेल? धार ठेवली ना?"

"ठेवली," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. निर्मला हरखली, "भाऊजी, आलं बघा!" म्हणत तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर ती अडखळली.

'मालातील उणीव आपण स्वतःहून मान्य केल्याबद्दल आभारी आहोत.' सोबत एक अहवाल होता, परवाच्या तारखेचा: बॅगा फाटल्या, केळीवर डाग पडले. त्यापोटी चाळीस टक्के कापले. उरलेले सहा लाख एकोणऐंशी हजार आठवड्याभरात देऊ, मात्र 'आता काही येणं नाही, काही तक्रार नाही' असं पत्र आधी द्यावं.

"उणीव?" अनंत उठला. "कोणी मान्य केली?"

त्याने तिच्या खांद्यावरून वाकून तिचं पत्र वाचलं. शिलाईची मशीनं चालू होती, ती एकेक करून थांबली.

"हे तुम्ही लिहिलं?"

"ती नुसती रीत असते, भाऊजी. आपण बिलावर नाही का लिहीत..."

"मग सांगा त्यांना. रीत होती म्हणा. लावा फोन. स्पीकरवर लावा."

तिने लावला. भार्गवचा आवाज तुपासारखा होता.

"मॅडम, नमस्ते! आपका मेल तो मैंने सबको दिखाया. इतनी शालीन भाषा आजकल कौन लिखता है?"

"साहब, वो लाइन तो बस... शिष्टाचार के लिए थी. माल में कोई खराबी नहीं थी. आपने छह महीने में कभी बोला भी नहीं."

"हम बोलते, तो आपको बुरा लगता. आपने खुद बोल दिया, आपका बड़प्पन है. अब लिखा हुआ तो लिखा हुआ है ना, मॅडम?"

फोन बंद झाला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. शिलाईवरची सोजरबाई असावी.

कारखान्याचे हिशेब तपासणाऱ्या सीएने संध्याकाळी समजावून सांगितलं. परिषदेत बाजू मांडता येईल, चलन आहे, मागाहूनचा अहवाल फार टिकणार नाही. पण ते लोक पहिल्यांदा हेच पत्र पुढे ठेवतील, आणि निकालाला वर्ष सहज जाईल. "बँक थांबेल का वर्षभर?"

बँक थांबणार नव्हती.

वीस तारखेला अनंतने तिला संगणकापुढे बसवलं. "लिहा. आमचं काही येणं नाही, काही तक्रार नाही. छान लिहा. तुम्हाला येतं."

"भाऊजी, हे तुम्ही लिहा. माझा हात चालत नाही."

"तेव्हा बरा चालला? साडेचार लाखांची ओळ लिहिताना?" तो बायकांकडे वळला. "ऐका गं, मॅडम आता पत्र वाचून दाखवणार आहेत. शिका काहीतरी."

तिने लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. 'समाधानाने' हा शब्द तिला दोनदा म्हणावा लागला, कारण पहिल्यांदा तो कोणाला ऐकू गेला नाही.

सव्वीस तारखेला पैसे आले. हप्ते भरले, मशीनं वाचली. एक एप्रिलला निर्मला साडेनऊला आली, तेव्हा तिच्या खुर्चीवर सीएकडचा एक नवा मुलगा बसला होता. अनंतने मान वर केली नाही.

"वहिनी, घरी बसून काय करणार? तिकडे मालूबाईजवळ बसा. पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचेत. मोजायला तर चुकणार नाही ना?"

निर्मला पदर खोचून खाली बसली. मालूबाईने जरा सरकून जागा दिली, सुतळीचा गुंडा तिच्याकडे ढकलला आणि नेहमीसारखं 'मॅडम' म्हणता म्हणता थांबली.

"धर निर्मला," ती म्हणाली. "गाठ घट्ट मार."