मंजुळाबाईचं कोळंबीचं लोणचं

तारापूरची मंजुळा कोळंबीचं लोणचं बाटल्यांत भरून विकू लागली. पालघरच्या टॉकीजच्या पडद्यावर जाहिरातीत स्वतःचं नाव बघून ती भलतीच ताठली होती. पण बाटलीमागे सुटणारे चार आणे ती जाहिरातच गिळत होती.

"आत्या, दोन महिने जाहिरात थांबवा," सून पुष्पलता म्हणाली. "खप घटला तर परत लावू."

"माझं नाव खुपतं होय गो तुला?" म्हणत मंजुळाने कुरकुरत का होईना, जाहिरात थांबवली.

दोन महिन्यांनीही खप तेवढाच राहिला. "बघ, नावावर खपतंय!" मंजुळा म्हणाली.

पुष्पलताने मान खाली घातली. "घेणारी सगळी आपलीच माणसं हायत, आत्या. तुमाला नाय कोण म्हणेल?"

मंजुळाने वर बघितलं. माळ्यावरची कोरडी जागा बाटल्यांनी अडवली होती. पावसाळ्यात चढ्या भावाने जाणारे सुके बोंबील खाली ओलीत बुरसले होते, आणि बाटल्या पुसण्यात गुंतलेल्या घरच्या सगळ्या सुनांना ते बघायला सवड मिळाली नव्हती. मंजुळाची कानशिलं तापली.

त्याच संध्याकाळी नणंद वत्सला पैसे मुठीत धरून आली. "वयनी, एक बाटली दे."

"बंद केलं. आता करत नाय."

वत्सलाच्या तोंडावर एकदम हायसं वाटल्याचं दिसलं. ते मंजुळाने पाहिलं आणि पदर पुढे ओढून चुलीकडे तोंड फिरवलं.