डी इमारतीचा नंबर

टेबलावर काचेच्या पेटीत चार इमारती होत्या. प्रत्येकी दहा मजले; भोवती बावीस झाडं, नऊ गाड्या आणि एक पोहण्याचा तलाव. तलावाच्या काठावर तीन खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांवर कोणी बसलेलं नव्हतं. इमारतींना ए, बी, सी, डी अशी चिकटपट्टीवर छापलेली नावं होती आणि डीच्या सातव्या मजल्यावर आत्याचं बोट होतं.

"हा माझा," ती म्हणाली. "सातशे तीन."

बिल्डरच्या विक्री कार्यालयात आम्ही सकाळी साडेदहाला पोचलो होतो. आत्याच्या पर्समध्ये बुकिंगचा चेक होता. घरूनच लिहून, सही करून आणलेला. इस्पितळात चौतीस वर्षं नर्सची नोकरी करून, शेवटची नऊ वर्षं वॉर्डाची मुख्य म्हणून काढून तिने जे साठवलं होतं, त्यातला मोठा भाग या घरात जाणार होता. भाड्याच्या घराचा करार पुढच्या वर्षाअखेरीला संपत होता. घरमालकाच्या मुलाला ती जागा हवी होती आणि त्याने तसं अदबीने, पण लेखी कळवलं होतं. त्यामुळे पैसे अडकले तर आत्याला दुसरं घर घेता येणार नव्हतं, आणि घर वेळेत मिळालं नाही तर राहायला जागा नव्हती.

मला तिने बरोबर घेतलं होतं ते फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचायला. "तुझे डोळे तरुण आहेत, शास्त्रज्ञबाई," असं तिचं म्हणणं. बाकी तपास तिने स्वतःच केला होता. माहितीपत्रकाच्या तळाशी रेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापला होता. तो तिने वहीत उतरवून घेतला, रेराच्या वेबसाइटवर टाकला आणि प्रकल्पाचं पान उघडून पाहिलं. प्रकल्पाचं नाव जुळलं, बिल्डरचं नाव जुळलं. शेजारच्या बाईंनाही तिने ते दाखवलं होतं. वहीत क्रमांकापुढे बरोबरची खूण होती, तिच्या औषधांच्या तक्त्यावर असायची तशी.

विक्रीचं काम पाहणारा तरुण निळा टाय लावून होता. आत्याने त्याचं नाव विचारलं, लगेच विसरली, आणि मग तो आमच्यासाठी टायवालाच राहिला. तो नम्र होता. डी इमारतीत आत्ता बुकिंग केलं तर दर कमी पडेल, ही सवलत रविवारपर्यंतच आहे, असं त्याने सांगितलं. फॉर्म आणायला तो आत गेला, तेवढ्यात मी आत्याच्या वहीतला क्रमांक माझ्या फोनवर टाकला. संशय म्हणून नाही. रिकामं बसवत नाही एवढंच.

पान उघडलं. वर नाव, बिल्डरचा पत्ता, काम पूर्ण होण्याची तारीख. मी खाली सरकत गेले. मंजूर नकाशे, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, कोर्टातल्या खटल्यांचा रकाना, तो रिकामा. मग इमारतींचा तक्ता आला. त्यात दोन ओळी होत्या. ए, चाळीस फ्लॅट. बी, चाळीस फ्लॅट. तक्ता तिथेच संपत होता.

मी काचेच्या पेटीकडे पाहिलं आणि पुन्हा फोनकडे. पान अर्धवट उघडलं असेल म्हणून पुन्हा उघडलं. ए आणि बी.

आत्याला दाखवलं. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तक्ता वाचला. मग स्वतःवरच चिडून हळू आवाजात म्हणाली, "वॉर्डात एका नावाच्या दोन बायका असायच्या. नाव जुळलं म्हणून औषध दिलं, तर मी मुलींना फाडून खायचे. हातावरच्या पट्टीवरचा नंबर पाहिला का, खाट पाहिली का. आणि स्वतःच्या घराची वेळ आली तर मी नावावर खूण करून मोकळी."

"नंबर खरा आहे," मी म्हटलं. "फक्त डीचा नाही."

टायवाला फॉर्म आणि पेन घेऊन आला. आत्याने पेन घेतलं नाही. डीचा नोंदणी क्रमांक कोणता, एवढंच विचारलं. त्याने माहितीपत्रकाच्या तळाशी बोट ठेवलं; प्रकल्प एकच, नंबर सगळ्यांना लागू, असं सांगितलं. मी त्याच्यासमोर तक्ता धरला. टप्प्याटप्प्याने बांधत असतील आणि पहिल्या टप्प्याची वेगळी नोंदणी केली असेल, तर पुढच्या टप्प्याला स्वतःचा क्रमांक लागतो. तो मिळेपर्यंत जाहिरात करता येत नाही, बुकिंगही घेता येत नाही, हे मी वाचलेलं होतं, ते सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्याला हे माहीत होतं. आम्हाला माहीत असेल हे माहीत नव्हतं.

तो फोन घेऊन बाहेर गेला. काचेच्या दारापलीकडे त्याचं मान हलवणं दिसत होतं. परत आला तेव्हा आवाज जरा खाली आला होता. डीचा अर्ज केलाय, नंबर महिन्याभरात येईल. तोवर चेक वटवणार नाही, फक्त फ्लॅट राखून ठेवायला आमच्याकडे असू द्या.

आत्या हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"म्हणजे औषध सोडायचं नाही, सुई तेवढी टोचून ठेवायची. तसंच ना, बाळा?"

तोही हसला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आत्याने पर्सची चेन लावली. ती चेन लागल्याचा आवाज ऐकला आणि माझे खांदे किती वर चढले होते ते मला कळलं.

आम्ही उठलो नाही, कारण चहा आला होता आणि आत्या चहा वाया घालवत नाही. चहा पिताना मी वेबसाइटवर बिल्डरच्या नावाने शोधलं. तीन नोंदी आल्या. एक शहराच्या दुसऱ्या टोकाची. एक पहिला टप्पा, ए आणि बी. तिसरी दुसऱ्या टप्प्याची: सी इमारत, स्वतंत्र क्रमांक, नकाशा आणि सुरुवातीचा दाखला जोडलेला, काम पूर्ण होण्याची तारीख चौदा महिन्यांनंतरची. आत्याने बोटांवर महिने मोजले. भाड्याचा करार संपायला सतरा होते.

"सीमध्ये काय शिल्लक आहे?" तिने विचारलं.

चौथ्या मजल्यावर दोन फ्लॅट होते. तलाव दिसत नव्हता, रस्ता दिसत होता, आणि दर कमी नव्हता. आत्या म्हणाली की तलावाकडे बघत बसणाऱ्यांतली ती नाही. रस्त्यावर निदान माणसं असतात.

तरी त्या दिवशी तिने चेक दिला नाही. दुसऱ्या टप्प्याच्या पानावरची सगळी कागदपत्रं मी छापून आणली आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही ती दोन दिवस वाचली. वहीत तिने आता चार रकाने आखले: क्रमांक, टप्पा, इमारत, मजला. चारही ठिकाणी खूण झाल्यावर तिने फोन केला. बुकिंगच्या वेळी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा कमीच रक्कम दिली; त्याहून जास्त घ्यायची तर आधी विक्री कराराची नोंदणी व्हावी लागते, हे यावेळी टायवाल्याने आपणहून सांगितलं. करार पुढच्या महिन्यात नोंदवला गेला. सही करताना आत्याने अधिकाऱ्याला दोनदा विचारलं की कागदावर सी लिहिलंय ना.

त्या रात्री ती साडेनऊला झोपली आणि सकाळी मी तीनदा हाक मारली तेव्हा उठली.

बिल्डरला दर तीन महिन्यांनी बुकिंगचे आकडे रेराच्या पानावर भरावे लागतात. तिमाही संपल्यावर नवे आकडे आले तसं आत्याने मला पान उघडायला लावलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

सी इमारत. एकूण फ्लॅट: ४०. बुक झालेले: ३४.

आत्याने त्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. "यातला एक माझा."