शिफारस कुणाची आणायची

सोमवारी तपासणी होती. तोवर सभासद वाढले नाहीत तर वाचनालयाचा दर्जा उतरणार, अनुदान घटणार आणि ग्रंथपाल वनमालेची जागाही जाणार होती. गावच्या ग्रुपवर टाकलेल्या सभासद मोहिमेच्या पोस्टला नुसत्या हात जोडल्याच्या खुणा आल्या होत्या.

बाहेर कट्ट्यावर धनश्री पेपर वाचत होती. बंकट मेंढपाळाची सून. रोज यायची, आत कधीच नाही.

"धने, तू कावून सभासद होईना गं?"

"तुमीच लिवलंय की, जुन्या सभासदाची शिफारस पायजे. आमच्या वस्तीवर एकबी सभासद न्हाई. सही मागाया कुणाच्या दारात जाऊ? अन् अनामत भरली की गेलीच समजायची."

"गेली कशी? नाव काढलं की परत देतो."

"मग तसं लिवा की, वनमालाताई."

वनमालेनं पोस्ट पुन्हा वाचली. 'तमाम वाचनप्रेमींनी विहित नमुन्यात…' वाचनालयाचे अध्यक्ष सुंदरराव यांनी सांगितलेला शब्द न् शब्द. दगडावर दगड रचलेला बांध. पलीकडचं हिरवं काही दिसेना. तिनं सगळं पुसलं आणि वस्तीवरच्या बायांशी बोलावं तसं लिहिलं:

'गोष्टी, शेतीची माहिती, भरतीच्या परीक्षेची पुस्तकं घरी न्या. एका वेळी एक, पंधरा दिवस. प्रवेश फी दहा रुपये, महिन्याला दहा. अनामत शंभर, नाव काढलं की परत. आधारची झेरॉक्स आणि एक फोटो घेऊन या, अर्ज आम्ही भरून देऊ. शिफारशीला ओळखीचं कुणी नसलं तर अध्यक्ष सुंदरराव सही देतील.'

शेवटची ओळ तिनं त्यांना न विचारताच लिहिली होती. फोन घेऊन ती त्यांच्या ओसरीवर गेली आणि मजकूर दाखवला.

सुंदररावांनी चष्मा कपाळावर सारला. "माझं नाव कुणाला इचारून घातलं?"

"तेच इचारायला आले, दादा. शिफारस नियमातच हाय, काढता येत न्हाई. तुमीबी सभासदच हाय की."

"अन् ज्याला वळखत न्हाई त्यानं पुस्तक बुडवलं तर?"

"अनामत कशासाठी घेतो मग?"

त्यांनी चष्मा खाली ओढून मजकूर पुन्हा वाचला. वनमाला पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. आता नोकरी तपासणीआधीच जाते की काय, असं तिला वाटलं.

"टाक," ते म्हणाले. "पण 'माननीय' लाव माझ्या नावाआधी."

तिनं लावलं आणि पोस्ट पाठवली. दुपार सरेना. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटत गेल्या, कुणी काही लिहीना. फोन वाजला तो सुंदररावांचाच.

"अगं, वस्तीवरची चतुराबाई अन् तिच्या दोघी जावा माझ्या दारात हायत. फोटो दाखवत्यात मला. मी काय करू फोटोचं?"

"त्यांना घेऊन इकडं या, दादा. पेन आणा."

धनश्रीसकट चार अर्ज झाले. सुंदरराव प्रत्येकीला सासर-माहेर विचारून मगच सही करत होते. सोमवारपर्यंत चार पुरणारे नव्हते. वनमाला मनात आकडा जुळवत होती, तो जुळत नव्हता.

"दुसऱ्या वस्तीवर हा ग्रुप नसंल," सुंदरराव पेनाला टोपण लावत म्हणाले. "सकाळी मोटारसायकल काढतो. अर्ज जास्तीचे घे."